चार स्लाइडमधले नफा-तोटा पत्रक
प्रस्तावना

ठरावीक काळात, बहुधा एका आर्थिक वर्षात, किती माल विकला आणि तो विकण्यासाठी किती खर्च आला याचा हिशेब नफा-तोटा पत्रकात असतो. तिजोरीत पैसा किती आहे किंवा बँकेचे देणे किती राहिले, हे त्यातून कळत नाही. हिशेब विभागातल्या माणसाला हे इतके सरावाचे झालेले असते की ते सांगावे लागेल असे त्याला वाटत नाही. खरेदी, उत्पादन, देखभाल किंवा माल रवानगी सांभाळणारा व्यवस्थापक दिवसभर क्विंटल, तास, युनिट आणि ट्रक यांत बोलतो. हे पत्रक त्याच्यासमोर येते तेव्हा त्याच्या कामाचे नाव असलेली एकही ओळ त्याला त्यात दिसत नाही. समजावून सांगण्यातली पहिली अडचण हीच आहे. व्याख्या पाठ करून ती सुटत नाही.

हा विषय कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या आधाराने मांडणे सोयीचे आहे. आदिलाबाद जिल्ह्यातले बाजारहत्नूर मंडल आणि आजूबाजूची गावे काळ्या जमिनीच्या पट्ट्यात येतात. तिथले मुख्य नगदी पीक कापूस असून आदिलाबादचे मार्केट यार्ड कापसाच्या आवकेसाठीच ओळखले जाते. यवतमाळ आणि नांदेड जिल्हे लागूनच असल्याने या भागात मराठी घरात बोलली जाते आणि कारखान्यातही. जिनिंगचा धंदा समजायलाही सोपा आहे. कच्चा माल एकच, कापूस. त्यातून रुई आणि सरकी असे दोन माल निघतात आणि थोडी घट जाते. रुई दाबून १७० किलोच्या आसपासची गाठ बांधतात. बाजारात रुईचा भाव खंडीवर, म्हणजे ३५६ किलोंवर, बोलला जातो. पुढचे सगळे आकडे समजावण्यासाठी मांडलेले आहेत, ते कोणत्याही एका कारखान्याचे नाहीत. प्रमाणे मात्र धंद्यात दिसतात तशीच ठेवली आहेत.

मानू या, कारखान्याने हंगामात एक लाख क्विंटल कापूस सरासरी ७,१०० रुपयांनी घेतला. अडत, बाजार फी आणि गाडीभाडे याच भावात धरले आहे. खरेदी ७१ कोटींची झाली. रुईचा उतारा ३४ टक्के पडला, म्हणजे ३४,००० क्विंटल रुई आणि तिच्या बरोबर २०,००० गाठी. सरकी ६३,००० क्विंटल निघाली. राहिलेले ३,००० क्विंटल ओलावा, माती आणि काडीकचऱ्यात गेले. सरकी सगळी ३,५०० रुपयांनी विकली गेली आणि तिचे २२.०५ कोटी आले. गाठींपैकी १७,००० गाठी २६,२०० रुपयांनी, म्हणजे खंडीला साधारण ५४,९०० रुपयांच्या भावाने, विकल्या आणि त्यांचे ४४.५४ कोटी झाले. ३१ मार्चला ३,००० गाठी गोदामात पडून होत्या. वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक काहीच नव्हती असे धरले आहे.

कारखाना कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टात पत्रकाचा नमुना ठरवून दिलेला आहे. त्यात आधी विक्रीचे उत्पन्न आणि इतर उत्पन्न येते. मग वापरलेल्या मालाची किंमत, मालसाठ्यातला बदल, कर्मचाऱ्यांवरचा खर्च, व्याज, घसारा आणि शेवटी ‘इतर खर्च’ अशा ओळी येतात. विजेचे बिल, रोलर आणि सुट्या भागांचा खर्च, गोदामाचा विमा, गाडीभाडे हे सारे बहुधा त्या शेवटच्या ओळीत जाऊन बसते आणि फोड पाहायची तर मागच्या टिपांचे पान काढावे लागते. देखभाल विभागाचा प्रमुख वर्षभर ज्या दोन आकड्यांशी झुंजतो, ते दोन्ही एका ओळीत नाहीसे होतात. छापील पत्रक जसेच्या तसे पडद्यावर टाकण्याला पहिला आक्षेप हाच आहे. अक्षरे बारीक दिसतात ही तक्रार त्यानंतरची. भागीदारीच्या किंवा एकट्या मालकाच्या कारखान्यात आधी व्यापारी खाते आणि मग नफा-तोटा खाते अशी जुनी रीत असते. समजायला ती थोडी बरी, कारण कापसावर सुटलेला फरक तिथे वेगळा दिसतो.

व्यवस्थापकांसाठी चार स्लाइड पुरतात. पाचवी करावीशी वाटते तेव्हा बहुधा आधीच्या चारपैकी एखादी नीट बसलेली नसते. अनेक जण तीन वर्षांची तुलना, खर्चाची गोल चकती आणि ‘एबिटडा’ या तीन गोष्टींनी सुरुवात करतात. पहिल्या बैठकीत तिन्ही वगळाव्यात. जिनिंगमध्ये खर्चाची चकती काढली तर ती जवळपास सगळी कापसाचीच दिसते आणि ते दारावरच्या वॉचमनलाही ठाऊक असते.

पहिल्या स्लाइडवर कायद्याचा नमुना बाजूला ठेवून सात ओळी लिहाव्यात, रकमा कोटी रुपयांत:

रुई आणि सरकीची विक्री – ६६.५९
कापसाची खरेदी – ७१.००
वजा: शिल्लक ३,००० गाठी – ७.६५
कापसाच्या गाठी करण्याचा खर्च – २.०५
भाडे, विमा, दलाली, कार्यालय – ०.३०
व्याज – ०.५०
करापूर्वीचा नफा – ०.३९

यातली पहिली ओळ जीएसटी धरून नाही, हे तोंडी सांगावे लागते. रुईच्या बिलावर लावलेला ५ टक्के कर सरकारचा असतो आणि कारखाना तो फक्त गोळा करून भरतो. बिलांची बेरीज डोक्यात ठेवणाऱ्या विक्री व्यवस्थापकाचा आकडा पत्रकातल्या विक्रीपेक्षा नेहमी मोठा भरतो, तो बहुधा यामुळे. चौथ्या ओळीतल्या २.०५ कोटींत मजुरी आणि पगार ६५ लाख, वीज ५० लाख, गाठी बांधण्याचे कापड आणि पट्ट्या ३० लाख, दुरुस्ती ३० लाख आणि यंत्रांचा घसारा ३० लाख असे पाच तुकडे आहेत. ही फोड त्याच स्लाइडच्या तळाशी एका ओळीत द्यावी, म्हणजे प्रत्येकाला आपले घर सापडते. घसारा म्हणजे आधीच घेतलेल्या यंत्राच्या किमतीतला या वर्षाच्या वाट्याला आलेला भाग. त्यासाठी यंदा कोणाला पैसे दिलेले नसतात.

खरा वेळ तिसऱ्या ओळीला द्यावा. वर्षभर ७१ कोटींचा कापूस घेतला आणि ६६ कोटींचा माल विकला, तरी नफा कसा, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. विचारला नाही तर पत्रक कोणी वाचलेच नाही असे समजावे. उत्तर असे की पत्रकात खरेदी केलेल्या मालाचा खर्च येत नाही, विकलेल्या मालाचा येतो. ३,००० गाठी अजून विकल्या नाहीत. त्यांच्यावरचा खर्च यंदाच्या खर्चातून काढून पुढच्या वर्षाकडे सोपवायचा. छापील पत्रकात हा आकडा खर्चाच्या यादीत कंसात दिसतो. कंस म्हणजे वजा हे हिशेब न शिकलेल्याला माहीत नसते, आणि खर्चच वजा कसा, असा दुसरा प्रश्न उभा राहतो. स्लाइडवर म्हणून कंस न वापरता ‘वजा’ हा शब्दच लिहावा.

७.६५ कोटी आले कुठून, हे फळ्यावर मांडून दाखवण्यासारखे आहे. कापसाचे ७१ कोटी, त्यातून सरकीचे आलेले २२.०५ कोटी वजा केले की रुईवर ४८.९५ कोटी पडले. गाठी करण्याचे २.०५ कोटी मिळवले की ५१ कोटी. ५१ कोटींत २०,००० गाठी झाल्या, म्हणजे एक गाठ २५,५०० रुपयांना पडली. तिला ३,००० ने गुणले की ७.६५ कोटी. हिशेबाचा नियम असा की शिल्लक माल पडलेल्या किमतीने किंवा बाजारात हाती येईल त्या किमतीने धरायचा आणि या दोन्हींतली जी कमी ती घ्यायची. ३१ मार्चला रुईचा भाव उतरून गाठीला विक्रीखर्च जाऊन २५,००० रुपयेच मिळणार असतील तर प्रत्येक गाठीमागे ५०० रुपये, म्हणजे एकूण १५ लाख, लगेच तोट्यात टाकावे लागतात, मग गाठ विकली असो वा नसो. भाव उलट ३०,००० झाला तर मात्र वाढीव नफा धरता येत नाही. हा एकतर्फीपणा ऐकणाऱ्याला अन्यायाचा वाटतो, पण न विकलेल्या मालावर नफा दाखवून तो वाटून टाकण्याचा मोह यामुळेच आवरतो.

सरकीबद्दल इथे एक खुलासा आवश्यक आहे. वरच्या मांडणीत सरकीचे सगळे पैसे कापसाच्या खर्चातून वजा केले. समजावण्यासाठी ही रीत सरळ आहे. पण एकूण मालाच्या किमतीत सरकीचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास आहे आणि इतक्या मोठ्या मालाला किरकोळ उपउत्पादन मानायला लेखापरीक्षक सहसा राजी होत नाही. तो कापसाचा खर्च रुई आणि सरकी यांच्या विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटायला सांगतो. तसे केले तर एक गाठ २५,५०० ऐवजी साधारण २६,००० रुपयांना पडते, शिल्लक गाठींची किंमत पंधरा लाखांनी वाढते आणि नफाही तितकाच वाढतो. कारखान्यात काडीही इकडची तिकडे झालेली नसते. पद्धत एकदा ठरली की दरवर्षी तीच पाळावी असा आग्रह असतो, तो यामुळे. बैठकीत हे सांगायचे ते एका वाक्यात, तेही कोणी विचारले तर.

दुसऱ्या स्लाइडवर हाच हिशेब एका गाठीचा करून दाखवावा. कोटींचे आकडे ऐकून माणूस मान डोलावतो, पण गाठीमागचा आकडा ऐकला की लगेच हिशेब घालू लागतो. विकलेल्या गाठीचे २६,२०० रुपये आले. ती २५,५०० ला पडली. उरलेल्या ७०० रुपयांतून भाडे, विमा, दलाली आणि कार्यालयाचे १७६ रुपये गेले, व्याजाचे २९४ गेले आणि हातात राहिले सुमारे २३०. सव्वीस हजारांच्या मालावर दोनशे तीस! १७,००० गाठींचे हे दोनशे तीस जोडले की पहिल्या स्लाइडवरचे ३९ लाख होतात, आणि ही जुळणी समोर करून दाखवलीच पाहिजे. दोन स्लाइडवरचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर पुढच्या कोणत्याही आकड्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

गाठीमागच्या आकड्याची मर्यादाही त्याच स्लाइडवर नोंदवावी. घसारा आणि कायम नोकरांचे पगार मिळून समजा ६० लाख आहेत. गाठी कमी झाल्या म्हणून ते कमी होत नाहीत. २०,००० गाठी झाल्या तर हा बोजा गाठीमागे ३०० रुपये, आणि पाऊस लांबून १५,००० च झाल्या तर ४०० रुपये. उत्पादन प्रमुखाने काहीही वावगे केलेले नसताना त्याची गाठ शंभर रुपयांनी महाग दिसते. वीज आणि बांधणीचे कापड यांचे तसे नाही, ते बव्हंशी गाठींबरोबर वरखाली होते. हा फरक सांगितला नाही तर गाठीमागच्या खर्चावरून माणसे एकमेकांना दोष देऊ लागतात.

तिसरी स्लाइड कोणत्या ओळीवर कोणाचा हात आहे ते सांगते. सगळे विभाग आणि सगळ्या ओळी यांचा चौकटींचा तक्ता करण्याची इथे सवय असते, आणि तो तक्ता कोणी वाचत नाही. एकच बदल घेऊन तो शेवटपर्यंत न्यावा. जिनिंगमध्ये असा बदल म्हणजे रुईचा उतारा. तो ३४ वरून ३३.५ टक्के झाला असे धरू. अर्धा टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. एक लाख क्विंटल कापसावर तो ५०० क्विंटल रुई होतो, म्हणजे सुमारे २९४ गाठी, आणि त्यांची किंमत ७७ लाख. यातला काही भाग शिल्लक गाठींची पडलेली किंमत वाढते तीत दडून पुढच्या वर्षी बाहेर येतो. पण उरलेला यंदाच्या पत्रकातच उतरतो आणि तो ३९ लाखांच्या नफ्याहून मोठा असतो. त्याच स्लाइडवर विजेची एक ओळ ठेवावी: वीज दहा टक्के वाचवली तर ५ लाख. दोन आकडे शेजारी आले की कोणत्या ओळीवर डोके खपवायचे हे सांगावे लागत नाही.

अर्धा टक्का कुठे गेला, हे पत्रक सांगत नाही. ते वजनकाट्याच्या वहीत सापडते आणि हिशेबनीस व कारखाना यांनी एकत्र बसण्याचे कारणच ते आहे. रुई कमी झाली आणि सरकी ६३ टक्केच राहिली, तर घट ३ वरून ३.५ टक्क्यांवर गेलेली असणार. याचा अर्थ कापसाबरोबर पाणी किंवा माती विकत घेतली गेली. गाडी आली की ग्रेडर ढिगात चार-पाच ठिकाणी मॉइश्चर मीटर खुपसतो. वरच्या थरातच खुपसला तर खाली ओलवलेला कापूस कोरड्याच्या भावाने आत जातो. कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, खरेदीत ८ टक्के ओलावा मूळ धरते आणि १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात पैसे कापते, ते यासाठीच. उलट घट ३ टक्केच राहिली आणि सरकी ६३.५ झाली, तर खरेदीवर बोट दाखवण्याआधी जिनिंग हॉलमध्ये जावे. रोलरचे चामडे झिजले असेल किंवा सुरीचा दाब बिघडला असेल तर सरकीवर रुई राहून जाते. मूठभर सरकी हातावर घेतली की पांढरी लव डोळ्यांनाच दिसते. मात्र कापसाचे वाणच कमी उताऱ्याचे असेल तरी असेच घडते, तेव्हा एका दिवसाच्या वजनावरून निकाल देऊ नये. या दुसऱ्या प्रकारात जास्तीची सरकी विकली जात असल्याने नुकसान ७७ ऐवजी साठ लाखांच्या घरात येते. तरी वर्ष तोट्यात जायला तेवढे पुरते.

चौथी स्लाइड नफा आणि रोकड यांतल्या फरकाची. ३९ लाख नफा झाला तर हंगामाच्या शेवटी बोनस द्यायला पैसे का नाहीत, हा प्रश्न मनुष्यबळ विभागाकडून येतो आणि तो रास्त आहे. पैसा गोदामात आहे, ३,००० गाठींच्या रूपात, ७.६५ कोटींचा. बँक मालावर कर्ज देते, पण पूर्ण किमतीवर देत नाही. समजा चौथा हिस्सा मालकाने घालायचा असेल तर १.९१ कोटी कारखान्याचे स्वतःचे अडकले आणि ५.७४ कोटी बँकेचे. बँकेच्या पैशावर वर्षाला १० टक्के व्याज धरले तर महिन्याला पावणेपाच लाखांच्या वर, म्हणजे पडून राहिलेल्या प्रत्येक गाठीमागे जवळपास १६० रुपये. गाठीमागचा नफा २३०. दीड महिना गाठ पडून राहिली आणि भाव हलला नाही, तर नफा व्याजातच विरला. रवानगी प्रमुखाला ट्रक वेळेवर लावण्याचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही, हा आकडाच पुरेसा होतो. विक्री थांबवून भाव वाढण्याची वाट पाहायची की नाही हा मालकाचा निर्णय. वाट पाहण्याचा खर्च मात्र सगळ्यांना ठाऊक असावा.

याच स्लाइडवर पत्रकात थेट खर्च म्हणून न येणाऱ्या दोन गोष्टी लिहाव्यात. कर्जाचा हप्ता फेडला तर त्यातले व्याज तेवढे खर्चात येते, मुद्दल येत नाही. नवा प्रेस ४० लाखांना घेतला तर ते ४० लाख यंदाच्या खर्चात दिसत नाहीत. त्यांचा घसारा पुढे वर्षानुवर्षे थोडा थोडा येत राहतो. ‘मशीन घेतले म्हणून तोटा झाला’ हे वाक्य कारखान्यात हमखास ऐकू येते आणि ते बहुतेक वेळा चुकीचे असते. मशीन घेतल्याने आटते ती रोकड.

या चार स्लाइडनाही एक मर्यादा आहे आणि ती कापसाच्या धंद्यात लगेच जाणवते. बाजारभाव हमीभावाखाली गेला की सीसीआय खरेदीत उतरते आणि जिनिंग कारखाने तिच्या कापसाच्या गाठी मजुरीवर करून देतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये क्विंटल होता. अशा वर्षी कापूस, रुई आणि सरकी कारखान्याच्या मालकीची नसते. समजा गाठीमागे १,३०० रुपये मजुरी मिळाली तर २०,००० गाठींचे उत्पन्न फक्त २.६० कोटी. गाठी करण्याचे २.०५ कोटी आणि इतर वीसेक लाख गेले की नफा ३५ लाख. आदल्या वर्षी ६६ कोटींच्या विक्रीवर ३९ लाख, म्हणजे टक्का पुरता भरत नव्हता. यंदा अडीच कोटींवर ३५ लाख, म्हणजे तेरा टक्क्यांच्या वर. विक्रीवरचा टक्का पाहणारा म्हणेल की कारखाना वीसपटीने सुधारला. खरे तर यंत्रे तीच आणि कामही तेच, फक्त भाव पडण्याची जोखीम दुसऱ्याकडे गेली. जिथे कच्चा मालच विक्रीचा बहुतेक भाग खातो, तिथे विक्रीवरच्या टक्क्याऐवजी गाठीमागे किती सुटले हेच विचारावे, आणि दोन वर्षांची तुलना करण्याआधी कापूस कोणाचा होता ते पाहावे.

बैठकीत समजले की नाही, हे ‘काही शंका?’ असे विचारून कळत नाही. शांतता पसरते आणि सगळे चहाकडे वळतात. त्यापेक्षा चार स्लाइड झाल्यावर एक प्रश्न कागदावर द्यावा: शिल्लक ३,००० गाठी ३० मार्चला २६,२०० नेच विकल्या गेल्या असत्या, तर नफा किती झाला असता? उत्तर ६० लाख, कारण प्रत्येक गाठीवरचे ७०० रुपये मिळून २१ लाख वाढतात. कोणी ७.८६ कोटी लिहिले, तर त्याने विक्री आणि नफा एकच मानले आणि पहिल्या स्लाइडची तिसरी ओळ त्याच्यापर्यंत पोचली नाही. कोणी ‘काहीच फरक नाही, माल तर आपलाच होता’ असे लिहिले, तर त्याला शिल्लक माल कळला, पण तो पडलेल्या किमतीने धरतात हे निसटले. दोन्ही चुका वेगळ्या आहेत आणि दोन्हींसाठी परत जायचे ते त्या सात ओळींकडेच.

राहिला प्रश्न ही बैठक कधी घ्यायची याचा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, पत्रक तयार व्हायला मे-जून उजाडतो, आणि बहुतेक ठिकाणी स्लाइड तेव्हाच दाखवल्या जातात. त्या वेळी कापूस केव्हाच घेऊन झालेला असतो, उतारा पडून गेलेला असतो आणि जिनिंग हॉलला कुलूप असते. बाजारहत्नूरकडचा नवा कापूस ऑक्टोबरपासून येऊ लागतो. ग्रेडरने मीटर ढिगात खोलवर खुपसावे आणि रोलरचे चामडे वेळेत बदलले जावे असे वाटत असेल, तर त्याच चार स्लाइड सप्टेंबरमध्ये दाखवाव्यात आणि मग हंगाम चालू असताना दर महिन्याला फक्त आकडे बदलून पुन्हा समोर ठेवाव्यात.